भरतीची चाळणी शेवटाकडून वाचा

दर्यापूर तालुक्यातल्या त्या तरुणाचं नाव पोलीस शिपाई भरतीच्या तात्पुरत्या निवड यादीत होतं. घरी पेढे वाटून झाले होते. मग कागदपत्रांची पडताळणी आली आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आडवं आलं. त्यानं जुनं प्रमाणपत्र संपल्यावर नवं काढलं होतं खरं, पण त्यावरची तारीख जाहिरातीतल्या मुदतीनंतरची निघाली. राखीव जागेवरचा दावा गेला. खुल्या प्रवर्गाच्या कटऑफला गुण पुरत नव्हते, म्हणून तिथंही जागा नव्हती. "ग्राउंड निघालं, लेखी निघाली, अन् कागदावर अटकलो," तो सांगतो. "आमच्या गावात दहा पोट्टे पयतात. कोणी कोणाले इचारत नाही का तुह्या कागदाची तारीख काय हाय."

वऱ्हाडात तयारी म्हटलं की डोळ्यांपुढे पहाटेचं मैदान येतं. अमरावतीत 1914 पासून उभं असलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, अकोल्यात वसंत देसाई क्रीडांगण आहे, आणि गावोगावच्या डांबरी रस्त्यांवर धावणारी मुलंमुली तर आहेतच. या सगळ्या धावपळीत एक गोष्ट मात्र हमखास नजरेआड होते. भरतीत जे शेवटी तपासलं जातं, ते बहुतेक वेळा उमेदवारात किंवा त्याच्या फायलीत पहिल्या दिवसापासूनच असतं.

सध्याच्या पद्धतीत पोलीस शिपायाची भरती मैदानापासून सुरू होते. तिथं पहिल्यांदा उंची आणि छाती मोजतात. पुरुषांना 165 सेंटिमीटर उंची लागते. छाती न फुगवता 79 आणि फुगवल्यावर किमान 5 सेंटिमीटर वाढलेली लागते. महिलांची उंची 155 असावी लागते. यात कमी पडलेला उमेदवार धावपट्टीपर्यंत पोचतच नाही. (माणूस सकाळी थोडा उंच असतो आणि संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर खचतो, त्यामुळे काठावरच्यांनी घरी सकाळचं माप घेऊन खूश होऊ नये.)

त्यानंतर 50 गुणांचं ग्राउंड. पुरुषांना 1600 मीटर धावण्याला 20 गुण, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. महिलांना 1600 ऐवजी 800 मीटर धावावं लागतं, गुणांची वाटणी तीच. किमान 25 गुण मिळाले की उमेदवार पात्र ठरतो, आणि बहुतेकांची गफलत इथंच होते. पात्र ठरलेला प्रत्येक जण लेखीला बसत नाही. त्या घटकात त्या प्रवर्गाच्या जितक्या जागा, त्याच्या दहापट उमेदवारांनाच गुणवत्तेच्या क्रमानं बोलावणं येतं. एखाद्या प्रवर्गाच्या 6 जागा असतील तर पहिले 60. बाकीचे पात्र असूनही घरी.

एक हिशेब मांडून पाहू. समजा एका मुलानं 1600 मीटर 5 मिनिटं 45 सेकंदांत काढलं, त्याचे 16 गुण. 100 मीटरला 13 सेकंद लागले, त्याचे 10. गोळा 8.50 मीटरच्या जरा अलीकडे पडला, त्याचे 12. बेरीज 38, म्हणजे किमान गुणांपेक्षा 13 जास्त. पण त्याच्या प्रवर्गाची दहापट यादी 40 वर थांबली तर हा मुलगा बाहेर. आता हे दोन गुण कुठून आले असते? गुणांचे टप्पे ठरलेले असतात. 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणलं असतं तर दोन गुण वाढले असते. 100 मीटर साडेबारा सेकंदांच्या आत आणलं असतं तरी दोनच. गोळा 8.50 ला पोचला असता तर मात्र तीन वाढले असते. ज्याला वेग वाढवायला वर्ष लागेल, त्याला फेकीचं तंत्र सुधारायला कदाचित काही महिने पुरतील. असं असूनही सराव बहुतेक धावण्याचाच होतो. पुरुषांचा गोळा 7.260 किलोचा असतो आणि परीक्षेत हातात तोच येतो, म्हणून हलक्या गोळ्यावर मोजलेल्या अंतरावर विसंबू नये.

लेखी परीक्षा 100 गुणांची, वेळ 90 मिनिटं, आणि त्यात किमान 40 टक्के हवेत. निवड मैदान आणि लेखी मिळून 150 गुणांवर होते. म्हणजे मैदानावर कसाबसा दहापटीत बसलेला उमेदवारही लेखीच्या जोरावर वर येऊ शकतो. आणि मैदानावर पूर्ण गुण मिळवणारा लेखीत 39 वर राहिला तर त्याच्या पन्नासांचा काही उपयोग नाही.

यादी लागल्यावर कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी. इथले दोष मेहनतीनं भरून निघत नाहीत. अकोल्यातल्या एका मुलाला आपल्याला रंगांधळेपणा आहे हे केंद्रीय दलाच्या तपासणीतच कळलं. ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा त्याला दिसेना. हा दोष बहुतेक जन्मजात असतो, मुलींपेक्षा मुलांत जास्त आढळतो, आणि चष्म्यानं किंवा औषधानं जात नाही. कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे ही तपासणी पाच मिनिटांत होते. गुडघ्याला गुडघा लागणं आणि सपाट तळवे यांचंही तसंच. केंद्रीय दलांच्या कॉन्स्टेबल जीडी भरतीत क्रम वेगळा आहे. आधी संगणकावरची परीक्षा, मग शारीरिक चाचणी, मग सविस्तर मेडिकल. तिथं पुरुषांनी 5 किलोमीटर 24 मिनिटांत धावायचं असतं, पण त्याला गुण नाहीत, फक्त पास किंवा नापास. मेडिकलमध्ये अनफिट ठरल्यास फेरतपासणी मागता येते, पण त्याची मुदत थोडी असते. उजव्या हाताच्या कोपराखाली गोंदवलेलं असेल तर त्यावरूनही अडतं, कारण सलाम त्याच हातानं करायचा असतो.

चारित्र्य पडताळणीत गावातल्या भांडणातला जुना गुन्हा नोंदवायचा की नाही, असा प्रश्न खूप जणांना पडतो. सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितलं की, उमेदवारानं दिलेली माहिती खरी असली पाहिजे. किरकोळ बाब लपवली असेल तर नियुक्ती करणारा अधिकारी ती माफ करू शकतो, पण गंभीर प्रकरण दडवलं तर निवड रद्द होऊ शकते. खटल्यातून सुटका झाली असेल तरी अर्जात तसं लिहून निकालाची प्रत जोडावी.

या सगळ्यावरून तयारीचा क्रम भरतीच्या क्रमाच्या उलटा ठेवणं शहाणपणाचं. मैदानावर जायच्या आधी डोळे आणि गुडघे दाखवून घ्यावेत. जातीचं, अधिवासाचं आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र टेबलावर पसरून प्रत्येकाची तारीख जाहिरातीतल्या मुदतीशी ताडून पाहावी. सेतू केंद्रात अर्ज टाकल्यावर प्रमाणपत्र हातात यायला लागणारा वेळही धरावा. अमरावती शहर, अमरावती ग्रामीण आणि अकोला हे वेगवेगळे घटक आहेत आणि प्रत्येकाच्या जागा वेगळ्या. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करायचा असल्यानं कुठं करायचा हे जागांचा तक्ता पाहून ठरवावं.

आणि मोठ्या भावाच्या वेळी काय होतं, यावर विसंबू नये. 2019 च्या बदलानंतर या भरतीत लेखी आधी आणि मैदान नंतर होतं. 2022 मध्ये नियम पुन्हा बदलले आणि मैदान पुढे आलं. पुढची जाहिरात निघेल तेव्हा क्रम, गुण आणि तारखा तिच्यातूनच वाचून घ्या.