व्हीव्हीएम चांगलं होतं, तरी लस वाया गेली

आरोग्यसेविका म्हणून रुजू झाल्यावर पहिलाच मे महिना होता. सकाळी सातलाच ऊन तापायला लागलेलं. लसीकरणाचं सत्र दूरच्या वाडीवर होतं आणि लस तापू नये, एवढा एकच विचार डोक्यात होता. डीप फ्रीझरमधून चार आइसपॅक काढले, तसेच दगडासारखे कडक व्हॅक्सिन कॅरियरमध्ये लावले, मध्ये लसींची पिशवी ठेवली आणि झाकण घट्ट बंद करून निघाले.

अकराच्या सुमारास पर्यवेक्षक ताई भेटीला आल्या. तोवर दोन बाळांना पेंटा देऊन झाली होती. त्यांनी कॅरियर उघडलं, आइसपॅक हातात घेऊन हलवला. आतून पाण्याचा आवाज आला नाही. "कंडिशन केले होते का?" मी गप्प राहिले. मग पेंटाची कुपी पुढे करून म्हणाले, "ताई, व्हीव्हीएम बघा, आतला चौकोन अगदी फिका आहे." त्या म्हणाल्या, "व्हीव्हीएम उष्णतेचा हिशोब ठेवतं. गोठल्याचं त्याला कळत नाही." पेंटा देणं तिथेच थांबलं.

डीप फ्रीझरचं तापमान उणे १५ ते उणे २५ अंश सेल्सिअस असतं. तिथून थेट आलेल्या आइसपॅकला टेकलेली कुपी शून्याच्या खाली जाऊ शकते, बाहेर कितीही ऊन असलं तरी. पेंटा, हिपॅटायटिस-बी, डीपीटी, टीडी या लसींमध्ये अॅल्युमिनियमच्या क्षाराचे बारीक कण असतात आणि लसीचा परिणामकारक भाग त्यांना चिकटलेला असतो. लस गोठली की या कणांचे गठ्ठे होतात. ती वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखीच दिसते, पण गेलेली शक्ती परत येत नाही.

त्या कुप्या बाजूला ठेवून शेक टेस्ट करायचं ठरलं. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी रात्रभर डीप फ्रीझरमध्ये मुद्दाम गोठवली, सकाळी पूर्ण वितळू दिली. ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून दहा-पंधरा सेकंद हलवल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. चांगली लस बराच वेळ गढूळ राहते, साका सावकाश बसतो. आमच्या दोन्ही कुप्यांत साका बरोबरीनेच तळाला बसला. म्हणजे आमची लस गोठून गेलेली होती. सगळ्या कुप्या बाद झाल्या. त्या दोन बाळांच्या घरी जाऊन मी आईंना खरं सांगितलं, आणि बाळांना तो डोस पुन्हा टोचून घ्यावा लागला. विनाकारण एक सुई जास्त, ती माझ्यामुळे.

आता नव्या मुलींना परीक्षेसाठी शिकवते, तेव्हा तक्त्याच्या आधी ही गोष्ट सांगते. प्रश्नात "व्हीव्हीएम योग्य आहे" एवढं वाचून "लस वापरावी" या पर्यायावर खूण करू नका. आधी विचारा, ही लस कशाला भिते? ओपीव्ही, एमआर, बीसीजी उष्णतेला भितात. अॅल्युमिनियमच्या लसी गोठण्याला भितात. आयपीव्हीमध्ये अॅल्युमिनियम नसतं, तरी तीही गोठू द्यायची नाही, आणि तिला शेक टेस्ट लागू होत नाही. कुपी डोळ्यांदेखत गोठलेली दिसली, तर शेक टेस्ट न करता थेट बाद करायची.

एवढं कळलं की आयएलआरमधली मांडणी पाठ करावी लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्या लसी आयएलआरमध्ये २ ते ८ अंशांवर राहतात, डीप फ्रीझर आइसपॅकसाठी असतो. थंड हवा जड असल्यामुळे आयएलआरचा तळ सगळ्यांत गार. म्हणून गोठण्याला भिणाऱ्या लसी तळाला कधीच नाहीत, त्या वरच्या बास्केटमध्ये. डायल्युएंटही गोठवायचं नाही. वापरण्याआधी २४ तास ते आयएलआरमध्ये ठेवायचं, म्हणजे लस आणि डायल्युएंट सारख्याच तापमानाला मिसळतात.

आणि सत्राच्या सकाळी थोडं लवकर या. आइसपॅक टेबलावर पसरून ठेवा. अंगावर पाण्याचे थेंब जमले, की कानाजवळ धरून हलवा. आत पाणी खळखळलं की मगच कॅरियरमध्ये लावा. मी त्या दिवशी तेवढा वेळ थांबले नव्हते. तुम्ही थांबा.