टायरच्या तक्रारीचे पत्र

पोलादपूरच्या एका मोटारमालकाने महाडच्या दुकानातून घेतलेला टायर लवकर झिजला. त्याने विक्रेत्यास पत्र लिहिले. त्यात पावतीचा क्रमांक व दिनांक, टायरवरील अनुक्रमांक, टायर किती किलोमीटर चालला आणि खाचांची खोली किती मिलिमीटर उरली, हे नमूद केले.

झीज कोठे झाली, हेही त्याने लिहिले. कारण दोन्ही कडा झिजल्यास हवा कमी, मध्यभाग झिजल्यास हवा जास्त आणि एकच कड झिजल्यास चाके तिरपी असल्याचा संशय येतो. असे दोष सहसा हमीत बसत नाहीत. आंबेनळी घाटातील वळणेही टायर झिजवितात. म्हणून त्याने भरपाईचा हट्ट न धरता तपासणीची व लेखी निर्णयाची विनंती केली आणि टायर जपून ठेवला.