पाठ १२ : परिसंवादाचे सूत्रसंचालन – प्रास्ताविक आणि दुवे

२७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. तो आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. समजा, त्या निमित्ताने तुमच्या मराठी शाळेत एक परिसंवाद आहे. विषय आहे, 'घरात मराठी कुठे थांबते?' व्यासपीठावर तिघं जण बसणार आहेत : भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या एक आजी, दोन मुलांचे बाबा आणि कॉलेजात शिकणारी एक ताई. वेळ ३० मिनिटं. सूत्रसंचालन तुमच्याकडे आहे.

तुम्हाला दोन प्रकारचं बोलायचं आहे. सुरुवातीला प्रास्ताविक. ते घरी लिहून आणता येतं. त्यानंतर एका वक्त्याकडून दुसऱ्याकडे जाताना दोन-तीन वाक्यं बोलायची असतात. त्यांना आपण या पाठात 'दुवे' म्हणूया. दुवा मात्र पूर्ण लिहून आणता येत नाही, कारण त्याचा अर्धा भाग तुम्ही नुकत्याच ऐकलेल्या उत्तरातून येतो.

प्रास्ताविक

प्रास्ताविकात श्रोत्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात : प्रश्न काय आहे, त्यासाठी हेच तिघं का बोलावले आणि कार्यक्रम कसा चालेल. वक्त्यांच्या पदव्या आणि नोकऱ्या वाचत बसू नका. या विषयाशी त्यांचा काय संबंध आहे, तेवढंच सांगा. हा नमुना मोठ्याने वाचा :

"नमस्कार मंडळी. फोनवर आजी मराठीत बोलते, मुलाला सगळं समजतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये जातं. तुमच्याकडे होतं का असं? मराठी कळते, तरी बोलणं थांबतं. ते कुठे आणि का थांबतं, हे आज आपण शोधणार आहोत. त्यासाठी इथे तीन पिढ्या बसल्या आहेत. आजी त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला असतात. दादांनी घरी एक नियम करून पाहिला. आणि ताईंनी लहानपणी मराठी बोलणं सोडलं होतं, त्या आता पुन्हा बोलतात. प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारेन. उत्तराला पाच मिनिटं. शेवटची दहा मिनिटं तुमच्या प्रश्नांसाठी. आजी, तुमच्यापासून सुरुवात करूया. नातू इंग्लिशमध्ये उत्तर देतो, तेव्हा तुम्ही काय करता?"

पाहा, प्रास्ताविक प्रश्नावर संपलं. 'मी आता आजींना विनंती करते की त्यांनी आपले विचार मांडावेत' असं म्हटलं, तर आजींना कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. प्रश्न विचारला की कळतं.

पहिला दुवा

आजी म्हणाल्या, "त्याला त्रास नको, म्हणून मीच प्रश्न कमी विचारते. 'जेवलास का?' एवढंच विचारते आणि फोन त्याच्या आईकडे द्यायला सांगते."

आता तुम्ही काय म्हणाल? पुष्कळ वेळा असं ऐकू येतं : "वा, आजींनी खूपच छान विचार मांडले! आता वळूया आपल्या पुढच्या वक्त्यांकडे." हे वाक्य कुठल्याही उत्तरानंतर चालेल. म्हणूनच ते दुवा नाही. अशा वाक्यानंतर पुढचा वक्ता घरी तयार केलेलं भाषण पहिल्यापासून सुरू करतो. तिघं बोलतात, पण परिसंवाद होत नाही, तीन भाषणं होतात.

हा दुवा पाहा :

"आजी म्हणाल्या, 'मीच प्रश्न कमी विचारते.' म्हणजे फक्त नातू गप्प होत नाही, आजीही गप्प होतात. दादा, तुमच्या घरी जेवताना मराठीच बोलायचं असा नियम होता ना? त्या टेबलावर काय झालं?"

याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात आजींचेच चार शब्द आहेत. ते ऐकता ऐकता कार्डावर लिहून घ्यायचे. दुसऱ्या भागात दादांसाठी प्रश्न आहे. त्यांच्या नियमाची माहिती तुम्ही आधीच्या आठवड्यात फोन करून घेतलेली असते आणि ती कार्डावर असते. म्हणजे प्रत्येक वक्त्यासाठी एक कार्ड करा : वरच्या अर्ध्या भागात त्याच्याबद्दलची एक नेमकी गोष्ट, खालचा अर्धा भाग कोरा.

दुसरा दुवा, आणि परत आजींकडे

दादा म्हणाले, "तीन आठवड्यांत मुलं जेवताना बोलेनाशी झाली. पटापट खाऊन उठायची."

"आजींकडे प्रश्न कमी झाले, दादांकडे जेवण शांत झालं. ताई, तुम्ही त्या टेबलावर मुलांच्या बाजूला बसला आहात. ते मूल गप्प का होतं?"

ताई म्हणाल्या, "माझं वाक्य चुकलं की सगळे हसायचे. 'किती गोड बोलते!' म्हणायचे आणि तेच वाक्य पाहुण्यांना सांगायचे. मला गोड दिसायचं नव्हतं. मला बोलायचं होतं."

आता सूत्रसंचालकाच्या हाती एक प्रश्न आला, जो कुठल्याच कार्डावर नव्हता :

"आजी, ताईंचं ऐकलंत. नातू चुकतो तेव्हा तुम्ही हसता का?"

इथे वक्ते एकमेकांशी बोलायला लागतात. आजी कदाचित थोडा वेळ थांबतील. थांबू द्या. ती शांतता तुमच्या वाक्याने भरू नका.

कुठे बिघडतं?

पहिली अडचण : आपण वक्त्याचे शब्द बदलतो. 'आजींना वाटतं, हल्लीची मुलं बोलत नाहीत' असं म्हटलं, तर आजींनी न केलेली तक्रार त्यांच्या नावावर जाते. वक्त्याने मान हलवली किंवा पुन्हा माईककडे हात नेला, तर समजा की आपलं चुकलं. लगेच म्हणा, "तुमच्याच शब्दांत पुन्हा सांगाल का?"

दुसरी अडचण : उत्तर संपतच नाही. वडीलधाऱ्यांना मध्येच तोडणं बरं दिसत नाही. त्यांचं वाक्य संपू द्या आणि त्यातलाच शेवटचा शब्द पकडा : "'आईकडे फोन द्यायला सांगते' म्हणालात ना आजी, तिथेच जरा थांबूया. दादा…"

भाषेकडे लक्ष द्या

१. 'आजी म्हणाल्या' किंवा 'आजींनी सांगितलं' हे बरोबर. 'आजींनी म्हणाल्या' हे चूक.

२. 'आपण शोधणार आहोत' यात श्रोतेही आले. 'आम्ही शोधणार आहोत' म्हटलं, तर श्रोते बाहेर राहिले.

३. घरी ताईला 'तू' म्हणत असाल, तरी व्यासपीठावर 'तुम्ही' म्हणा. वक्त्याला 'आपण' म्हणण्याचीही पद्धत आहे, पण श्रोत्यांसह 'आपण' वापरलं असेल, तर गोंधळ होतो.

शब्दार्थ

परिसंवाद – एका विषयावर अनेकांनी मिळून केलेली चर्चा
सूत्रसंचालन – कार्यक्रम बोलून पुढे नेण्याचं काम
प्रास्ताविक – कार्यक्रमाच्या सुरुवातीचं बोलणं
दुवा – दोन गोष्टींना जोडणारा भाग
वडीलधारे – वयाने मोठी, मान असलेली माणसं

स्वाध्याय

१. 'आता वळूया पुढच्या वक्त्यांकडे' हे वाक्य दुवा का नाही? दोन वाक्यांत लिहा.

२. समजा, दादा म्हणाले, "मुलं एकमेकांशी इंग्लिशमध्येच भांडतात." यावरून ताईंसाठी दुवा लिहा. दोन्ही भाग वेगवेगळ्या रंगाने दाखवा.

३. चूक दुरुस्त करा : 'दादांनी म्हणाले की नियम मोडला.'

४. घरातल्या दोन माणसांना एकच प्रश्न विचारा. पहिल्याच्या उत्तरातले चार शब्द घेऊनच दुसऱ्याला विचारा. दोन्ही उत्तरं वर्गात सांगा.