घराण्यात नाही, मग आमचं रक्त कशाला?

प्रश्न : मुलाला सहाव्या महिन्यापासून ताप आला की झटके येतात. एमआरआय नॉर्मल आहे. एक्झोम तपासणीसाठी आम्हा दोघांचंही रक्त मागतात. आमच्या घराण्यात असं कुणालाच नाही. मग आमचं कशाला?
— एक आई, अकोला

उत्तर : ताई, घराण्यात नाही म्हणूनच हवं. एक्झोम म्हणजे जनुकांतला प्रथिनांची कृती लिहिलेला भाग. त्यात प्रत्येकाचे हजारो बदल सापडतात, बहुतेक निरुपद्रवी. तुम्हा दोघांत असलेले वजा केले, की मुलात नव्यानं घडलेले एक-दोनच उरतात. समजा त्यातला एक ‘एससीएन१ए’ जनुक बिघडवणारा निघाला, तर ड्राव्हे सिंड्रोमचं निदान जुळतं आणि कार्बामाझेपिनसारखी, झटके वाढवू शकणारी औषधं टाळता येतात. (गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.)

बदल असा नव्यानं घडलेला असेल, तर पुढच्या बाळाला धोका कमी, साधारण एक-दोन टक्के. पण शून्य नाही. तो तुमच्यापैकी एकाच्या बीजपेशींत असू शकतो आणि रक्तात दिसत नाही.

अहवाल कोरा आला तरी कच्चा डेटा मागून ठेवा. दोन वर्षांनी त्याचीच फेरछाननी करता येते. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातलं एक केंद्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. तिथं जायचं ठरलं, तर अकोल्याहून निघण्याआधी सगळी जुनी कागदपत्रं सोबत घ्या.