पाइप कितव्या आठवड्यात मागवायचे?

समजा, आठव्या आठवड्याच्या सुरुवातीला वाचनालयात ४० लोखंडी स्टुले हवी आहेत. पाइपवाला माल द्यायला तीन आठवडे घेतो. मग पाचव्या आठवड्यात ऑर्डर दिली की झाले, असे चटकन वाटते. पण तसे केले तर स्टुले दहाव्या आठवड्यात हाती येतील.

कारखान्यात हा हिशेब मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, म्हणजे एमआरपी, या पद्धतीने करतात. जोसेफ ऑर्लिकी यांचे त्यावरचे पुस्तक १९७५ साली निघाले. स्टुलांची मागणी बाहेरून येते; पाइपांची मात्र स्टुलांवरून मोजता येते, तिचा अंदाज बांधायचा नसतो, हा त्यातला मुख्य मुद्दा.

त्यासाठी आधी बिल ऑफ मटेरियल्स, म्हणजे कशात काय लागते याची यादी हवी. एका स्टुलाला एक फळी आणि एक सांगाडा लागतो. सहा मीटरच्या एका पाइपात दोन सांगाडे होतात. फळ्या भरपूर आहेत, त्या सोडून देऊ.

आता वरून खाली उतरू. ४० पैकी १० स्टुले तयार आहेत, म्हणजे ३० करायची. जोडणीला एक आठवडा लागतो, म्हणून काम सातव्या आठवड्यात सुरू व्हायला हवे. तेव्हा ३० सांगाडे हाताशी हवेत. शिल्लक १२, म्हणजे १८ नवे. वेल्डिंगला एक आठवडा, म्हणून ते सहाव्या आठवड्यात सुरू. १८ सांगाड्यांना ९ पाइप. शिल्लक २, म्हणजे ७ मागवायचे. सहातून तीन गेले, ऑर्डर तिसऱ्या आठवड्यात.

प्रत्येक पायरीवर शिल्लक आधी वजा करून मगच खाली उतरायचे, हे विसरू नका. थेट ४० स्टुलांचे २० पाइप धरून त्यातून शेवटी २ वजा केले, तर १८ पाइप मागवले जातील. अकरा पाइप उगाच गंजत पडतील!

आज चौथा आठवडा चालू असेल तर? हिशेब तरीही तिसराच आठवडा दाखवेल. म्हणजे पाइप कुठून तरी लवकर मिळवा, नाहीतर वाचनालयाला नवी तारीख कळवा.

मला वाटते, खरी गोची रजिस्टरमध्ये होते. तिथे १२ सांगाडे लिहिलेत, पण त्यातले ४ वाकलेले आहेत, हे सातव्या आठवड्यात जोडणीला बसल्यावर कळले, तर पाइपला तीन, वेल्डिंगला एक, जोडणीला एक, असे पाच आठवडे पुन्हा धरावे लागतात. ती चार स्टुले बाराव्या आठवड्यात येतील. म्हणून तिसऱ्या आठवड्यातच स्टोअरमध्ये जाऊन सांगाडे हाताने मोजावेत.

आणखी एक, वेल्डर एकच असला तरी हा हिशेब १८ सांगाड्यांना एक आठवडा धरतो आणि १८० ला सुद्धा एकच. तेवढे वेल्डरलाच विचारावे लागते.