हातात किती, ते आधी बघा

प्रश्न : सुप्याच्या कंपनीने ऑफर लेटरचा फोटो पाठवलाय. वर्षाला ३,६०,००० रुपये, सात दिवसांत रुजू व्हा. सध्या माझी नोटीस महिन्याची आहे. ईमेलमध्ये काय लिहू? – एक वाचक, केडगाव

उत्तर : महिन्याच्या ३०,००० मध्ये कंपनीचा पीएफ १,८०० आणि कामगिरीवरचे ३,००० धरलेत. तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेल्यावर हातात २३,२००. म्हणून वार्षिक आकडा सोडा, ठरलेला पगार वाढवून मागा :

‘ऑफरबद्दल आभार. कामगिरीवरचे ३,००० रुपये ठरलेल्या पगारात धरावेत, ही विनंती. माझी नोटीस ३० दिवसांची असल्याने रुजू होण्याची तारीख त्यानंतरची मिळावी. मान्य असल्यास सुधारित पत्र, सर्व पानांसह, सही करून पीडीएफमध्ये पाठवावे.’

‘सर्व पानांसह’ मुद्दाम लिहिलंय. फोटोत एकच पान आहे आणि बाँडची अट बहुधा मागच्या पानावर असते. फोनवर होकार मिळाला तरी सुधारित पत्र येईपर्यंत राजीनामा देऊ नका.