साडेआठ टक्क्यांचा रोखा, पाच टक्क्यांचा परतावा

हुडको, आरईसी, पीएफसी यांनी 2013-14 मध्ये काढलेले लांब मुदतीचे करमुक्त रोखे आजही शेअर बाजारातून घेता येतात. कूपन साडेआठ टक्क्यांच्या आसपास असल्याने हात लगेच पुढे होतो. बरीच वर्षं असे रोखे घेतल्यावर पटलेल्या या चार गोष्टी.

1. कूपन दर्शनी किमतीवर मिळतं, तुम्ही मोजलेल्या पैशांवर नाही. समजा, 1,000 रुपयांचा, साडेआठ टक्क्यांचा रोखा व्याज वाटून झाल्यावर लगेच 1,150 ला घेतला आणि मुदत 5 वर्षं उरली आहे. दरवर्षी 85 रुपये येतील, शेवटी हजारच परत मिळतील. वरचे दीडशे गेले ते गेलेच.

2. कागदावर ढोबळ हिशेब आधी करावा. पाच वर्षांचं व्याज 425, त्यातून दीडशे वजा केले की 275, म्हणजे वर्षाला 55. गुंतलेली रक्कम सरासरी 1,075 धरली तर परतावा पाच टक्क्यांच्या जरा वर येतो. नेमका आकडा एक्सेल देतं:

```
=RATE(5,85,-1150,1000)
```

उत्तर 5.03 टक्के. हाच मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा, म्हणजे वायटीएम. 85 ला 1,150 ने भागून 7.4 टक्के सांगणारेही भेटतात. त्यात दीडशेची तूट धरलेलीच नसते. मुदत ठेवीशी तुलना करायची तर या 5.03 चीच करावी.

3. आलेलं सगळं व्याज खर्चू नये. पहिल्या वर्षी 1,150 वर 5.03 टक्क्यांनी खरी कमाई होते सुमारे 58 रुपये. उरलेले 27 म्हणजे आपलंच मुद्दल हप्त्याने परत आलेलं. ते बाजूला टाकत गेलं नाही, तर पाच वर्षांनी हातात फक्त हजार उरतात. रोखा करपात्र असेल तर दुखणं वाढतं: कर पूर्ण 85 वर लागतो, आणि शेवटची दीडशेची तूट भांडवली तोटा म्हणून फक्त भांडवली नफ्यातूनच वजा करता येते.

4. रोखा मुदतीआधी परत घेण्याचा हक्क कंपनीला आहे का, हे माहितीपत्रकात पाहावं. करमुक्त रोख्यांत सहसा ही अट नसते, बँकांच्या काही रोख्यांत असते. वरचाच रोखा दोन वर्षांनी हजाराला परत घेतला, तर हाती येतात 1,170 आणि परतावा एक टक्क्याच्याही खाली जातो. व्याजदर उतरले की रोख्याचा भाव चढतो आणि कंपनीला स्वस्तात नवं कर्जही मिळतं, म्हणून महाग रोख्याला हा धोका जास्त.

तेव्हा दलालाने कूपन सांगितलं की भाव, उरलेली वर्षं आणि परत घेण्याची तारीख विचारा. वायटीएम स्वतः काढल्याशिवाय पैसे देऊ नका.